परदेशात चेक-इन बॅग हरवली तर: विमान कंपनीची तक्रार, सामानाची यादी आणि विम्याचा दावा

हरवलेल्या बॅगेचे पैसे दोन ठिकाणांहून येऊ शकतात, आणि त्यात विमा कंपनीचा नंबर दुसरा लागतो. पहिली जबाबदारी विमान कंपनीची. तिने किती दिले, हे तिच्याकडून लेखी आल्याशिवाय प्रवास विम्याचा दावा सहसा पुढे सरकत नाही. नवखे प्रवासी नेमके उलटे करतात. विमा काढलाय म्हणून विमानतळावरून तसेच घरी जातात, दोन दिवसांनी विमा कंपनीच्या टोल-फ्रीवर फोन लावतात आणि तिथे पहिलाच प्रश्न येतो, "पीआयआर नंबर सांगा."

पुढचे सगळे एका उदाहरणाने सांगतो. आकडे मी हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत, पण असे दावे असेच येतात. नाशिकचे काका-काकू मुलीकडे मँचेस्टरला निघाले. मुंबईहून आखातातल्या एका विमानतळावर विमान बदलून मँचेस्टर. काकांची बॅग आली, काकूंची आली नाही.

विमानतळ सोडण्याआधी

बॅगेज हॉलमध्येच, कस्टम्सच्या आधी, हरवलेल्या सामानाचे काउंटर असते. प्रवासात दोन विमान कंपन्या असतील तर जिने तुम्हाला शेवटच्या विमानतळावर उतरवले, तिच्याच काउंटरवर जायचे. मुंबईत बॅग दुसऱ्या कंपनीने घेतली होती, हे कारण सांगून कोणी परत पाठवू लागले तर हटू नका. इथे जी तक्रार लिहून घेतात तिला प्रॉपर्टी इरेग्युलॅरिटी रिपोर्ट, थोडक्यात पीआयआर, म्हणतात.

काउंटरवरचा माणूस बॅगांच्या चित्रांचा एक तक्ता पुढे ठेवतो आणि विचारतो, यातली कुठली? रंगाला दोन अक्षरी खूण असते, जसे काळ्याला BK. आकाराला नंबर असतो. चाके आहेत का, कुलूप कसले, हे वेगळे लिहितात. जगभरच्या विमानतळांवर बिनवारशी सापडलेल्या बॅगा याच खुणांवरून जुळवल्या जातात. त्यामुळे "काळी, मोठी" एवढ्यावर सोडू नका. हँडलला लाल नाडी बांधली आहे, आत सर्वांत वर निळा स्वेटर आहे, असे काहीतरी ओळखीचे लिहून घ्यायला लावा. बॅगेचा फोटो मोबाइलमध्ये असेल तर तो दाखवा.

हातात कागद आला की तिथेच उभे राहून वाचा. तीन गोष्टी बघायच्या. एक, पीआयआर नंबर: तो MANXX12345 अशा साच्यात असतो, म्हणजे विमानतळाची तीन अक्षरे, विमान कंपनीची दोन आणि पुढे पाच आकडे. दोन, बॅगेच्या टॅगचा दहा आकडी नंबर तुमच्या बोर्डिंग पासवर चिकटवलेल्या पावतीशी जुळतो का. तीन, पत्ता आणि फोन. मँचेस्टरचा पत्ता आणि तिथे किती तारखेपर्यंत आहात, हे दोन्ही लिहिलेले हवे. नाहीतर तुम्ही नाशिकला परत आल्यावर बॅग मँचेस्टरला पोचते.

इथे एक घोळ हमखास होतो. दोघांच्या बॅगा एकत्र चेक-इन केल्या की सगळ्या टॅगच्या पावत्या एकाच्याच बोर्डिंग पासवर चिकटवतात, बहुधा काकांच्या. काकूंची बॅग मग कागदोपत्री काकांची होते. विमान कंपनीपुढे याने फार बिघडत नाही. दुसऱ्याच्या नावावरच्या बॅगेत आपले सामान होते हे सिद्ध केले तर तो प्रवासीही भरपाई मागू शकतो, असा निकाल युरोपीय न्यायालयाने २०१२ मध्ये दिला आहे. पण विम्याची मर्यादा माणशी असते आणि विमा कंपनी टॅगवरचे नाव बघते. म्हणून मुंबईला काउंटरवरच सांगा, की ज्याची बॅग त्याच्या नावावर लावा. आणि बॅगेचे वजन पावतीवर छापले आहे का तेही बघून ठेवा. त्याचा संबंध पुढे यादीशी येणार आहे.

त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा

दावा नंतर करायचा असला तरी सूचना लगेच द्यायची. पॉलिसीवर परदेशातून लावायचा नंबर आणि ई-मेल दिलेला असतो. पॉलिसी नंबर, फ्लाइट, उतरल्याची तारीख-वेळ आणि पीआयआर नंबर एवढे लिहून मेल करा आणि दाव्याचा क्रमांक मागून घ्या. मेलच करा असे सांगण्याचे कारण साधे आहे. फोनवर "कळवलं होतं" हे नंतर सिद्ध करता येत नाही.

मग पॉलिसी उघडून दोन कलमे शोधा. एक सामान उशिरा येण्याचे आणि दुसरे सामान पूर्ण हरवण्याचे. ही दोन वेगळी संरक्षणे आहेत, दोघांची रक्कम वेगळी आणि अटीही वेगळ्या.

उशिराचे कलम ठरावीक तासांनंतर सुरू होते. बऱ्याच भारतीय पॉलिसींत हे १२ तास असतात, काहींत कमी. त्यानंतर अंगावरचे कपडे, आतले कपडे, टूथब्रश, दाढीचे सामान अशा निकडीच्या खरेदीचे पैसे मिळतात. काकूंना थंडीत स्वेटर लागणारच, तो घ्या. पण लेदर जॅकेट घेऊन ते निकडीचे म्हणाल तर विमा कंपनी हसेल. प्रत्येक पावतीवर तारीख आणि वस्तूचे नाव दिसले पाहिजे, नुसती कार्डाची स्लिप चालत नाही. तिकडच्या दुकानांच्या पावत्या बऱ्याचदा थर्मल कागदावर छापलेल्या असतात आणि महिन्या-दोन महिन्यांत कोऱ्या होतात, म्हणून त्याच दिवशी फोटो काढून ठेवा. परतीच्या प्रवासात, म्हणजे भारतात उतरल्यावर बॅग उशिरा आली तर हे कलम बहुतेक पॉलिसींत लागूच होत नाही.

पीआयआर म्हणजे दावा नव्हे

सर्वांत जास्त पैसे इथे बुडतात. पीआयआर दिली, म्हणजे आता विमान कंपनी बघेल, असे लोक धरून चालतात. पीआयआर म्हणजे फक्त बॅग मिळाली नाही याची नोंद. भरपाईची मागणी वेगळी, लेखी, विमान कंपनीच्या वेबसाइटवरच्या फॉर्ममधून किंवा मेलने करावी लागते.

आंतरराष्ट्रीय प्रवासात नियम १९९९ च्या मॉन्ट्रियल कराराचे. भारत आणि ब्रिटन दोघेही त्यात आहेत. त्याच्या मुदती लक्षात ठेवा. बॅग फुटलेली मिळाली तर हातात आल्यापासून ७ दिवसांत लेखी तक्रार; आतली एखादी वस्तू गायब असेल तरी याच मुदतीत लिहा. बॅग उशिरा मिळाली तर ताब्यात आल्यापासून २१ दिवसांत. आणि बॅग जिथे पोचायला हवी होती तिथे २१ दिवसांतही आली नाही, किंवा त्याआधीच विमान कंपनीने हरवल्याचे मान्य केले, तर ती हरवली असे धरून तुम्ही हक्क सांगू शकता. न्यायालयात जायची मुदत २ वर्षांची. शिवाय विमान कंपन्या स्वतःच्या फॉर्मसाठी आपापली मुदत घालतात, म्हणून २१ दिवस पूर्ण होईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. पहिल्या आठवड्यातच सामानाची यादी जोडून मागणी पाठवा आणि त्यात लिहा, की २१ दिवसांत बॅग न मिळाल्यास हीच पूर्ण नुकसानीची मागणी समजावी.

भरपाईला कमाल मर्यादा आहे. २८ डिसेंबर २०२४ पासून ती माणशी १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक. रुपयांत ही रक्कम पावणेदोन लाखांच्या आसपास जाते, विनिमय दराप्रमाणे थोडी खाली-वर. ही छताची उंची झाली. तेवढे पैसे आपोआप मिळत नाहीत, सिद्ध केलेल्या नुकसानीएवढेच मिळतात.

यादी: एकच करा, दोघांना तीच द्या

आता कामाचा गाभा. विमान कंपनीला दिलेली यादी विमा कंपनीही मागून घेते. दोन्हींत फरक दिसला, तिकडे चार साड्या आणि इकडे सहा, तर दावा संशयात जातो आणि मग प्रत्येक ओळीला पुरावा द्यावा लागतो. म्हणून पहिल्या-दुसऱ्या दिवशीच, आठवण ताजी असताना, एक तक्ता करा. रकाने एवढेच ठेवा: वस्तू, किती, कधी घेतली, तेव्हाची किंमत, तशीच वस्तू आज घेतली तर किंमत, पुरावा काय.

आजची किंमत हा रकाना प्रामुख्याने विमान कंपनीसाठी. तुमचे म्हणणे मांडताना, ही वस्तू पुन्हा घ्यायची तर एवढे लागतात, हे ऑनलाइन दुकानाच्या पानाच्या स्क्रीनशॉटसह दाखवता येते. विमा कंपनी मात्र बहुतेक वेळा जुन्याला नव्याचे पैसे देत नाही. खरेदीच्या किमतीतून वापराच्या वर्षांप्रमाणे घसारा कापते.

पुरावा म्हणजे फक्त दुकानाचे बिल, असे समजू नका. ऑनलाइन ऑर्डरचा मेल, बँक स्टेटमेंटची ओळ, वॉरंटी कार्ड, लग्नात ती साडी नेसलेला तारखेचा फोटो, हे सगळे पुढे ठेवता येते. बिलच नाही म्हणून ओळ गाळू नका. "बिल नाही, फोटो जोडला" असे लिहा. आणि यादी वजनाशी ताडून बघा. २३ किलोच्या बॅगेत दोन कोट, प्रेशर कुकर, बारा साड्या आणि पाच किलो चिवडा मावत नाही. चेक-इनला नोंदलेले वजन विमान कंपनीकडे असते, आणि दावे तपासणारे लोक हा हिशेब खरोखर करतात.

काकूंची यादी अशी. घसारा मी वर्षाला १० टक्के धरला आहे. तुमच्या कंपनीचा दर वेगळा असेल.

| वस्तू | खरेदी (रु.) | वय | घसारा जाऊन (रु.) |
|---|---|---|---|
| बॅग | ६,००० | २ वर्षे | ४,८०० |
| लोकरी कोट | ९,५०० | नवा | ९,५०० |
| पैठणी | १६,००० | ३ वर्षे | ११,२०० |
| साड्या ४ | ६,००० | १ वर्ष | ५,४०० |
| सलवार-कुर्ते ५ | ५,००० | १ वर्ष | ४,५०० |
| स्वेटर, थर्मल | ४,००० | नवे | ४,००० |
| बूट | ४,५०० | १ वर्ष | ४,०५० |
| प्रेशर कुकर | २,५०० | नवा | २,५०० |

बेरीज ४५,९५०. यांशिवाय बॅगेत १८,००० चा टॅबलेट, २२,००० ची सोन्याची कर्णफुले आणि साधारण ३,००० चे लाडू-मसाले होते.

विम्यात या शेवटच्या तीन गोष्टींना जवळपास नेहमीच फुली बसते. दागिने, इलेक्ट्रॉनिक वस्तू, रोख, पासपोर्टसारखी कागदपत्रे आणि खाण्याचे नाशवंत पदार्थ अपवादांच्या यादीत असतात. विमान कंपन्याही आपल्या नियमांत मौल्यवान वस्तू वगळतात, पण मॉन्ट्रियल करारात अशी वर्ज्य वस्तूंची यादी नाही. म्हणून विमान कंपनीला पाठवायच्या तक्त्यात या वस्तू जरूर ठेवा. मिळतील याची खात्री नाही, पण न मागता तर मिळणारच नाहीत. आणि विमा कंपनीकडे जातानाही त्या तक्त्यातून पुसू नका, नाहीतर याद्या जुळणार नाहीत. त्या ओळींपुढे "अपवाद, रक्कम मागितलेली नाही" एवढे लिहा.

विम्याच्या मर्यादा कशा लागतात

समजा काकूंच्या पॉलिसीत सामान हरवण्यासाठी १,००० डॉलर आहेत. बारीक अक्षरांत पुढे असते: एका बॅगेला जास्तीत जास्त ५० टक्के, एका वस्तूला १० टक्के. म्हणजे त्यांच्या एका बॅगेला ५०० डॉलर आणि कुठल्याही एका वस्तूला १०० डॉलर. हिशेबासाठी डॉलर ८५ रुपये धरला तर बॅगेला ४२,५०० आणि वस्तूला ८,५००.

कोट ९,५०० चा, तो ८,५०० वर आला. पैठणी ११,२०० ची, तीही ८,५०० वर. बाकी ओळी तशाच राहिल्या. नवी बेरीज ४२,२५०, बॅगेच्या मर्यादेच्या आत. सेट किंवा जोडी बऱ्याच पॉलिसींत एकच वस्तू मानतात, पण चार वेगवेगळ्या साड्या म्हणजे चार वस्तू. म्हणून त्या तपशीलवार, एकेक ओळ करून लिहा. "साड्या ४" असे मी इथे जागा वाचवायला लिहिले आहे.

आणखी एक अट वाचून घ्या: हे कलम पूर्ण बॅग गेली तरच लागते. बॅग आली पण आतला कोट चोरीला गेला, तर बहुतेक पॉलिसी हात वर करतात. तो दावा विमान कंपनीकडेच, ७ दिवसांच्या आत.

विमान कंपनीचे पत्र: एका वाक्याने हजारोंचा फरक

आता समजा, महिनाभराने विमान कंपनीने ४०,००० रुपये देऊ केले. विमा कंपनी ही रक्कम वजा करून उरलेले देणार. ४२,२५० वजा ४०,०००, हातात २,२५०.

पण हे ४०,००० कशाचे? पत्रात नुसते "एकूण भरपाई" असेल तर सगळे वजा होतात. विमान कंपनीने आतल्या हिशेबात १२,००० टॅबलेटसाठी धरले असतील, आणि टॅबलेट विम्यात नाहीच, तर ते १२,००० विम्याच्या दाव्यातून कापायला तर्क नाही. मग वजा व्हायला हवेत २८,००० आणि मिळायला हवेत १४,२५०. हे मांडायचे तर पत्रात वस्तूवार विभागणी हवी. म्हणून विमान कंपनीला मेल करताना स्पष्ट मागा: बॅग हरवल्याची कबुली, पीआयआर आणि टॅग नंबर, दिलेली रक्कम, आणि कोणत्या वस्तूला किती. पहिल्या उत्तरात हे सगळे क्वचितच येते. दुसऱ्यांदा मागितल्यावर येऊ शकते. विभागणी नाहीच आली तर निदान मागितल्याचा मेल दाव्याला जोडता येतो.

पैसे घेण्याआधी "यापुढे माझी काही मागणी नाही" अशा अर्थाच्या कागदावर सही मागतात. सही करण्याआधी तो मसुदा विमा कंपनीला मेलने पाठवा. दावा दिल्यावर विमान कंपनीकडून वसुली करायचा हक्क विमा कंपनीकडे जातो, आणि तुम्ही तो तिला न विचारता सोडून दिलात, असे म्हणायला तिला जागा ठेवू नका. उशिराच्या कलमाखाली आधी काही मिळाले असेल तर काही पॉलिसी तेही हरवल्याच्या रकमेतून वळते करतात. तेही बघून घ्या, म्हणजे शेवटी आकडा कमी आला की धक्का बसत नाही.

कागद

दाव्याचा फॉर्म, पॉलिसी, पासपोर्टची पाने आणि प्रवासाचे शिक्के, तिकीट, बोर्डिंग पास, टॅगची पावती, पीआयआर, विमान कंपनीचे पत्र, यादी आणि पुरावे, रद्द केलेला चेक. बोर्डिंग पास मोबाइलवर असेल तर प्रवासाच्या दिवशीच स्क्रीनशॉट घ्या, नंतर तो ॲपमधून निघून जातो. शिक्का न मारणारे विमानतळ आता वाढले आहेत. तिथे बोर्डिंग पासच तुमचा साक्षीदार. मूळ पावत्या विमान कंपनी आणि विमा कंपनी दोघेही मागतात. विमान कंपनीला स्कॅन चालते का ते आधी विचारा, बहुधा चालते, आणि मूळ प्रत विम्यासाठी राखा.

दावा नाकारला किंवा कमी दिला तर कारण लेखी मागा, कलमाच्या क्रमांकासह. मग कंपनीच्या तक्रार निवारण विभागाला लिहा. महिनाभरात उत्तर आले नाही, किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. फी नाही, वकील लागत नाही, आणि मुदत कंपनीच्या नकारापासून एक वर्ष. महाराष्ट्रात मुंबई आणि पुण्याला कार्यालये आहेत, तक्रार ऑनलाइनही करता येते. काकूंच्या बाबतीत तिथे मांडायचा मुद्दा एकच: १२,००० कापले ते कोणत्या वस्तूचे?

आणि कधीकधी सगळे मिटल्यावर, पैसे खात्यात आल्यावर, बॅग सापडल्याचा फोन येतो. मोहात पडून गप्प राहू नका. विमान कंपनीची नोंद विमा कंपनीला सहज मिळते. मेलने कळवा. पैसे परत करून बॅग घ्यायची की बॅग सोडून पैसे ठेवायचे, हे पॉलिसीच्या अटींप्रमाणे ठरते, आणि काकूंना पैठणी जास्त प्यारी असेल तर बॅग घ्यायच्या आधी किती परत करायचे हा आकडा लेखी घ्यावा.